हसून लावलेला ब्लश चेहरा सरळ झाल्यावर कुठे जातो?

माझ्या मावसबहिणीने ओळखपत्रासाठी फोटो काढला आणि मला दाखवला. "माझा चेहरा एवढा लांब दिसतो का गं?" ती खरंच हिरमुसली होती. चेहरा तिचाच होता, पण त्या दिवशी ब्लश तिने नेहमीपेक्षा वेगळा लावला होता: आरशासमोर हसून, वर आलेल्या गालावर ब्रश टेकवून, तिथून थेट कानशिलापर्यंत तिरका ओढून. मी तो फोटो फोनवरच कृष्णधवल केला. गुलाबी रंग नाहीसा झाला आणि दोन्ही गालांवर नाकपुडीच्या खालून डोळ्याच्या कोपऱ्याच्या वरपर्यंत गेलेला एकेक करडा पट्टा उरला. लांब चेहऱ्यावर आणखी दोन उभट पट्टे.

ब्लश कुठे लावायचा हे समजून घ्यायला कृष्णधवल फोटोइतकं सोपं साधन मला दुसरं सापडलेलं नाही. आपण ब्लशकडे रंग म्हणून पाहतो. चेहऱ्याचा आकार जोखताना मात्र डोळा उजेड आणि सावली यांवर जास्त विसंबतो. कागदावर काढलेलं वर्तुळ सपाट दिसतं, पण त्याच्या कडेला शिसपेन्सिलीची हलकी छटा दिली की त्याचा चेंडू होतो, कारण गडद झालेला भाग मागे वळतोय असं आपण धरून चालतो. त्वचेपेक्षा किंचित गडद ब्लश गालावर हेच काम करतो. म्हणून तो कुठून सुरू होतो, कुठल्या दिशेला जातो आणि कुठे विरतो, यावर चेहऱ्याची लांबी-रुंदी कशी भासेल हे बरंचसं ठरतं.

एक गोष्ट मात्र आधी तपासून घ्यावी लागते. ब्लश त्वचेपेक्षा खरोखरच गडद आहे का? सावळ्या किंवा गडद त्वचेवर फिकट गुलाबी ब्लश लावला तर कृष्णधवल फोटोत तो भाग उजळ दिसतो. मग सगळा परिणाम उलटा होतो. जी जागा मागे जायला हवी होती, ती पुढे येते. अशा वेळी जागा बदलून उपयोग नाही, छटा बदलावी लागते: विटकरी, गडद लाल किंवा जांभळट.

आता त्या हसण्याबद्दल. ओठांचे कोपरे वर खेचणारा मुख्य स्नायू गालाच्या हाडापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत तिरका जातो. आपण हसतो तेव्हा तो आखडतो आणि गालावरची चरबीची गादी वर सरकून डोळ्याखाली गोळा होते. त्या गोळ्यावर ब्लश लावला आणि हसू थांबलं की गादी खाली उतरते आणि रंगही तिच्याबरोबर उतरतो. बहिणीच्या गालावर मी हसताना टिकलीएवढी खूण केली आणि चेहरा सरळ झाल्यावर मोजलं. खूण जवळजवळ सव्वा सेंटीमीटर खाली आली होती. ओळखपत्राच्या फोटोत कुणी हसत नाही, त्यामुळे पट्ट्याचं खालचं टोक ओघळलं आणि वरचं टोक कानशिलावर होतं तिथेच राहिलं. उंची वाढली ती अशी. गालाचा उंचवटा शोधायला हसायला काहीच हरकत नाही, पण रंग लावायचा तो चेहरा सैल सोडून.

चेहरा लांब आहे की गोल, हे आरशात पाहून ठरवायला गेलं की आपण स्वतःला फसवतो. हात लांब करून काढलेल्या सेल्फीवरही विसंबू नये. कॅमेरा जवळ असला की नाक मोठं आणि चेहऱ्याच्या बाजू आक्रसलेल्या दिसतात, म्हणजे प्रत्येकच चेहरा थोडा लांबट होतो. दुसऱ्या कुणाला तरी दीडेक मीटरवरून, कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर धरून फोटो काढायला सांगावं. मग स्क्रीनवर पट्टी ठेवून केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतची लांबी आणि गालाच्या हाडांपाशी सर्वांत जास्त भरणारी रुंदी मोजावी. बहिणीची लांबी ९.४ सेंटीमीटर आणि रुंदी ६ सेंटीमीटर भरली. म्हणजे दीडपटीहून जरा जास्त. माझा ढोबळ हिशोब असा: दीडपटीच्या आसपास किंवा पुढे गेलं तर चेहरा लांब समजायचा, सव्वापटीच्या आत राहिलं तर गोल. मधले बरेच चेहरे कुठल्याच खणात नीट बसत नाहीत, आणि त्यांना ब्लशच्या जागेने फारसा फरकही पडत नाही.

तिच्यासाठी आम्ही पट्टा आडवा केला. बुबुळाच्या बरोबर खालून सुरुवात केली. नाकापासून दोन बोटं अंतर सोडलं, कारण नाकाच्या अगदी कडेला लाली आली की ती सर्दीची वाटते. तिथून रंग कानाच्या मध्याकडे जवळजवळ सरळ नेला आणि कानाच्या बोटभर अलीकडे विरवून टाकला. वरची हद्द डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या खाली आणि खालची हद्द नाकपुडीच्या पातळीच्या वर ठेवली. असा आडवा पट्टा चेहऱ्याची उभी लांबी मध्येच तोडतो. कपाळापासून हनुवटीपर्यंत एका दमात धावणारी नजर गालांपाशी आडवी वळते. त्याच जागी उभं राहून, तेवढ्याच अंतरावरून दुसरा फोटो काढला आणि तोही कृष्णधवल करून पहिल्याशेजारी ठेवला. मापं अर्थातच तीच होती, पण तिने पहिल्यांदाच मान हलवून "हो, ही मी" म्हटलं.

गोल चेहऱ्याला हीच आडवी रचना जड जाते. गालाच्या मध्यावर गोल ठिपका तर त्याहून वाईट, कारण वर्तुळात वर्तुळ बसतं. इथे पेन्सिलीच्या छटेचं तत्त्व सरळ वापरायचं: मधला भाग उजळ सोडून कडा वळवायची. बुबुळाच्या बाहेरच्या कडेखालून सुरू करून, गालाच्या हाडावरून, कानाच्या वरच्या टोकाकडे तिरका रंग न्यावा आणि सर्वांत गाढ छटा बाहेरच्या बाजूला ठेवावी. समोरून दिसणारा उजळ भाग अरुंद होतो आणि गाल लवकर मागे वळल्यासारखा वाटतो. बहिणीचं जे चुकलं, तेच इथे उपयोगी पडतं.

कोनदार चेहऱ्याचा प्रश्न लांबी-रुंदीचा नसून कडांचा आहे. गालाचं हाड आणि जबड्याचा कोपरा आधीच ठळक असतात. त्यांच्यावर सावल्याही ठळक पडतात, विशेषतः दिवा डोक्यावर असेल तेव्हा. हाडाच्या खाली रेषेसारखा ब्लश ओढला तर तो त्या सावलीत मिसळतो आणि गाल खोल गेल्यासारखा दिसतो. म्हणून रंग हाडाच्या वर, गालाच्या उंचवट्यावर, थोडा गोलसर ठेवावा आणि कडा इतकी विरवावी की तो कुठे संपतो हे बोट ठेवून सांगता येऊ नये.

हे विरवणं जमेल की नाही, हे पुष्कळसं क्रीम आणि पावडर यांच्या घडणीवर अवलंबून असतं.

पावडर ब्लशमध्ये टाल्क आणि अभ्रकासारख्या खनिजांची बारीक चूर्णं, आयर्न ऑक्साइडसारखे रंगकण आणि हे सगळं वडीत धरून ठेवण्यापुरतं तेल असतं. त्वचेवर बसलेल्या कणांमध्ये हवा असते, प्रकाश त्यांच्यावर आदळून सगळीकडे विखुरतो, म्हणून पावडर मॅट दिसते. चेहऱ्यावर तेल सुटायला लागलं की ते या हवेच्या जागा भरतं. प्रकाश एखाद्या पदार्थात शिरताना किती वळतो हे सांगणारा आकडा म्हणजे अपवर्तनांक: अभ्रकाचा साधारण १.५८, तेलाचा १.४५ ते १.४८ आणि हवेचा १. हवेपेक्षा तेल अभ्रकाच्या बरंच जवळ आहे, त्यामुळे विखुरणं कमी होतं, पांढुरकं चूर्ण पारदर्शक होतं आणि रंगकणांचा मूळ रंग उघडा पडतो. ओली वाळू कोरड्या वाळूपेक्षा गडद दिसते ती याच कारणाने. दुपारनंतर ब्लश "ऑक्सिडाइज झाला" असं पुष्कळजणी म्हणतात. पण लाल आयर्न ऑक्साइड हे आधीच पूर्ण ऑक्सिडीकरण झालेलं लोह आहे, त्याचं आणखी काय होणार? ब्लश फक्त तेलाने भिजलेला असतो. नाकाजवळ तेल जास्त, कानाकडे कमी, त्यामुळे ब्लशची आतली कडा आधी गडद होते. गोल चेहऱ्यावर नेमकं हेच नको असतं, सकाळी बाहेर ठेवलेली छटा दुपारी आत सरकल्यासारखी दिसते. टिपकागद दाबून तेल काढलं की रंग बऱ्यापैकी पूर्ववत होतो. त्याच्यावर आणखी पावडर थापली की डाग पडतात.

क्रीममध्ये रंगकण पहिल्यापासूनच तेल आणि मेणात भिजलेले असतात. डबीत दिसतो त्याच्या जवळचाच रंग गालावर येतो आणि दिवसभरात गडद होण्याची शक्यता कमी असते. शिवाय ते त्वचेच्या बारीक रेषांमध्ये भरून पृष्ठभाग सपाट करतं, म्हणून ओलसर चमक येते. बोटांच्या उबेने क्रीम वितळतं असं म्हणतात, पण मधमाश्यांचं मेण वितळायला सुमारे ६२ अंश सेल्सिअस लागतात आणि कार्नोबा मेणाला ८० च्या वर. त्वचा असते ३२-३४ अंशांच्या आसपास. ऊब क्रीमला मऊ करते एवढंच. खरं काम घासण्याने होतं. मेणाच्या स्फटिकांची जाळी मोडते, आत धरलेलं तेल मोकळं होतं आणि क्रीम पसरतं. हात थांबला की जाळी हळूहळू पुन्हा जमते. म्हणून आधी हाताच्या पाठीवर बोट फिरवून क्रीम सैल करावं, मग टाचणीच्या डोक्याएवढे तीन ठिपके गालावर देऊन, न ओढता, थोपटून पसरवावं. ओढलं तर खालचं सनस्क्रीनही सरकतं.

क्रीमची अडचण अशी की तेलकट त्वचेवर ते जागचं हलतं. मोठी रंध्रं किंवा मुरमांचे खड्डे असतील तर चमक त्यांच्यावरच बोट दाखवते. तिथे पावडरच बरी, पण मॉइश्चरायझर लावल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून. ओलसर जागी ब्रश टेकला की कण तिथेच चिकटतात आणि मग कितीही फिरवलं तरी ठिपका निघत नाही. दोन्ही लावायची असतील तर क्रीम आधी, पावडर वर. उलट केलं तर क्रीममधलं तेल पावडरला भिजवतं आणि बोटाखाली तिच्या गुठळ्या होतात.

बहिणीची त्वचा गालांवर कोरडी आहे, म्हणून तिच्या आडव्या पट्ट्यासाठी आम्ही क्रीम घेतलं आणि फक्त बाहेरच्या टोकाला, कानाजवळ, त्याच छटेची पावडर ब्रशने एकदाच फिरवली. संध्याकाळी तिने पुन्हा फोटो पाठवला, कृष्णधवल करूनच. पट्टा अजून आडवा होता. डाव्या गालावर मात्र पुसट झाला होता, कारण ती दिवसभर फोन त्याच बाजूला धरते.