प्रेम मिळतं, पण पोहोचत नाही

‘गे नाती टिकत नाहीत’ हे वाक्य बाहेरच्या कुणी म्हटलं, तर पूर्वग्रह म्हणून सोडून देता येतं. पण अनेक गे माणसंच ते सहज बोलून जातात, जणू अनुभवाचं सार सांगतायत. जोडप्यांवरचं संशोधन तसं सांगत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कर्डेक यांनी समलिंगी आणि भिन्नलिंगी जोडप्यांची वर्षानुवर्षं तुलना केली. नात्यातलं समाधान, भांडणांचे विषय, गोडी कशाने वाढते आणि कशाने आटते, या बाबतीत दोन्हीकडची जोडपी पुष्कळशी सारखी निघाली. विवाहित जोडप्यांपेक्षा नातं तुटण्याचं प्रमाण जिथे जास्त दिसलं, तिथे लग्न, मुलं, दोन्हीकडची घरं अशी बाहेरून बांधून ठेवणारी बंधनं कमी होती. समलिंगी प्रेमातच काही कच्चं आहे, असा अर्थ त्यातून निघत नाही.

तरीही ते वाक्य आत बसलेलं असतं आणि नात्यात काम करत राहतं. मानसशास्त्रात याला इंटर्नलाइज्ड होमोफोबिया म्हणतात. समाजाची समलैंगिकतेविषयीची घृणा स्वतः समलैंगिक असलेल्या माणसाने नकळत आपलीशी केलेली असते. संशोधक इलन मायर यांनी 1995 मध्ये आणि पुढे 2003 मध्ये लैंगिक अल्पसंख्याकांवरच्या ताणाची जी मांडणी केली, तिच्यात या ताणाचे काही थर आहेत. प्रत्यक्ष भेदभाव आणि हिंसा हा सर्वांत बाहेरचा थर. नाकारलं जाण्याची कायमची धास्ती आणि लपवाछपवी हे त्याच्या आतले. इंटर्नलाइज्ड होमोफोबिया सर्वांत आतला, कारण तो चालू राहायला समोर कुणी द्वेष करणारा असावा लागत नाही.

तो आत कसा शिरतो याचं उत्तर बरंचसं क्रमात आहे. समलिंगी आकर्षणाची पहिली स्पष्ट जाणीव बऱ्याच जणांना दहाव्या वर्षाच्या आसपास किंवा त्यानंतर होते. ‘तसली माणसं’ हा चेष्टेचा, किळसेचा विषय आहे हे मात्र मुलाला त्याच्या कितीतरी आधी कळलेलं असतं. चेष्टेत तोही सामील झालेला असतो. म्हणजे निकाल आधी पाठ होतो, आणि तो आपल्यालाच लागू आहे हे नंतर कळतं. जे मत आपण स्वतःही इतरांबद्दल बाळगत होतो, ते एका रात्रीत खोटं ठरवणं सोपं नसतं. मग मूल लपवायला लागतं.

पुढची सगळी यंत्रणा या लपवण्यावर उभी आहे, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. लपवणाऱ्या मुलाला प्रेम मिळत नाही असं नाही. आई माया करते, शिक्षक कौतुक करतात, मित्र जीव लावतात. पण प्रत्येक वेळी मनात एक पुरवणी जोडली जाते: ‘यांना खरं माहीत असतं, तर?’ कौतुक येतं ते दाखवलेल्या माणसासाठी आणि लपवलेल्या माणसापर्यंत ते पोहोचत नाही. दहा-पंधरा वर्षं हेच चाललं की, मिळालेल्या प्रेमातून ‘मी प्रेम करण्याजोगा आहे’ हा निष्कर्ष काढण्याची सवयच लागत नाही. मूल दुसरीकडे आधार शोधतं. जॉन पॅचंकिस आणि मार्क हॅट्झनब्युलर यांनी 2013 मध्ये दाखवलं, की अशा तरुणांमध्ये स्वतःची किंमत मोजता येण्याजोग्या यशावर ठरवण्याकडे कल जास्त असतो: अभ्यास, दिसणं, स्पर्धा. ओळख जितकी जास्त वर्षं लपवलेली, तितका हा कल अधिक. गुण, पगार, कमावलेलं शरीर यांची खात्री वाटते, कारण ते कुणाच्या मायेवर अवलंबून नसतं.

मोठेपणी माणूस नात्यात येतो तो ही पुरवणी सोबत घेऊनच. जोडीदाराला खरं माहीत आहे, त्याच्यापासून लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी मन तोच हिशेब करत राहतं. सँड्रा मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिन्नलिंगी जोडप्यांच्या अभ्यासात एक गोष्ट वारंवार नोंदवली: ज्यांना स्वतःची किंमत कमी वाटते, त्यांना जोडीदाराच्या मनात आपलं स्थान प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा खालचं वाटतं. मग दुखावलं जाण्याआधीच ते दोन पावलं मागे सरकतात, आणि त्या मागे सरकण्याने नातं खरोखर गार पडतं. ही यंत्रणा कुणाच्याही नात्यात दिसते. गे माणसाकडे तिला लागणारं इंधन लहानपणापासून साठलेलं असू शकतं, एवढाच फरक.

एक कल्पित उदाहरण घेऊ. निखिल आणि समीर आठ महिने एकत्र आहेत. समीर म्हणतो, “शनिवारी ताईकडे जेवायला ये ना, तिला तुला भेटायचंय.” निखिलच्या छातीत क्षणभर धस्स होतं. पाठोपाठ विचार येतो, ‘भेटायचंय म्हणजे पारखायचंय.’ तो म्हणतो, “बघू रे, ऑफिसचं काम निघेल बहुतेक.” काम नसतं. शनिवारी समीर एकटाच जातो. रात्री त्याचा मेसेज येतो, ‘ताई विचारत होती तुझं.’ निखिल तो वाचतो आणि उत्तर देत नाही. त्याला त्यात तक्रार दिसते. दुसऱ्या दिवशी तो चिडचिड करतो, समीरचं जरा मोठ्याने हसणं त्याला खटकतं, “चारचौघांत जरा नीट वाग” असं तो बोलून जातो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत समीर अशी आमंत्रणं द्यायचं थांबवतो. निखिलला वाटतं, ‘बघ, याला तरी कुठे हवं होतं?’

या प्रसंगात निखिल एकदाही ‘गे असणं वाईट’ असं म्हणत नाही. विचारलं तर तो ठामपणे उलटंच सांगेल, आणि ते खरंही असेल. पण क्रम पाहा. ताईची उत्सुकता त्याच्या मनात तपासणी झाली. समीरच्या प्रेमळ मेसेजमध्ये त्याला आरोप दिसला. जोडीदाराचं मोकळं हसणं हे उघडं पडण्याचं कारण वाटलं, आणि लहानपणी जी किळस स्वतःकडे वळलेली होती, ती आता समीरकडे वळली. शेवटी स्वतःच्या माघारीतून आलेला परिणाम समीरच्या मनाचा पुरावा म्हणून जमा झाला. ‘आपली नाती टिकत नाहीत’ हा अनुभव असा तयार होतो.

नातं सुरू होण्याआधीच्या निवडींतही हाच हात असतो. जो कधी पूर्णपणे आपला होणार नाही, म्हणजे विवाहित, दुसऱ्या शहरातला किंवा ‘काहीच सिरियस नको’ म्हणणारा, त्याच्यासोबत नाकारलं जाण्याचा प्रश्न आधीच मिटलेला असतो. वाईट वागणूक वर्षानुवर्षं सोसली जाते, कारण ‘याहून बरं आपल्याला कुठे मिळणार’ हे गृहीत असतं. काहींच्या बाबतीत शरीरसुख एका माणसाकडे आणि जिव्हाळा दुसऱ्याकडे अशी कायमची वाटणी होते. यातली कुठलीही निवड आपोआप आजाराचं लक्षण ठरत नाही. एकटं राहणं, मोकळं नातं ठेवणं, सावकाश जाणं यामागे साधी आवड असू शकते. फरक ओळखायचा तर निवडीच्या क्षणी काय वाटतं ते पाहावं. आवडीने केलेल्या निवडीनंतर निवांत वाटतं. भीतीने केलेल्या निवडीनंतर सुटल्यासारखं वाटतं, आणि थोड्याच वेळात रितं.

आणखी एक गल्लत टाळायला हवी. घरी न सांगणं म्हणजे इंटर्नलाइज्ड होमोफोबिया नव्हे. जिथे सांगितल्यावर मारहाण होईल, घर किंवा नोकरी जाईल, तिथे गप्प राहणं हा शहाणपणा आहे. डेव्हिड फ्रॉस्ट आणि मायर यांच्या 2009 च्या, 396 जणांवरच्या अभ्यासात आतल्या द्वेषाचा नात्यातल्या अडचणींशी संबंध दिसला, आणि माणूस किती उघडपणे राहतो हे हिशेबात धरल्यावरही तो उरला. नैराश्याची लक्षणं यातला महत्त्वाचा दुवा ठरली: आतला द्वेष नैराश्य वाढवतो आणि नैराश्य नात्यावर उतरतं. मात्र एका वेळी घेतलेल्या अशा पाहणीतून कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे पक्कं सांगता येत नाही.

मोजमापालाही मर्यादा आहे. बरीच वर्षं वापरात असलेली एक प्रश्नावली नऊ विधानांची आहे: आपण गे नसतो तर बरं झालं असतं असं किती वेळा वाटलं, पूर्ण भिन्नलिंगी होण्याची संधी दिली तर घ्याल का, वगैरे. आज पुष्कळ जण सगळीकडे ‘कधीच नाही’ लिहितात. निखिलही तेच लिहील. उघड प्रश्नांना मत सापडतं, सवय सापडत नाही.

यावर ‘मूळ आकर्षणच बदलून टाकू’ असं सांगणारे लोक अजूनही आहेत. कुणी समुपदेशनाच्या नावाने, कुणी प्रार्थनेच्या, कुणी औषधाच्या. समलैंगिकता हा आजार नाही हे अमेरिकी मनोविकार संघटनेने 1973 मध्ये मान्य केलं. अशा उपचारांनी आकर्षण बदलतं याला भरवशाचा पुरावा नाही, असा निष्कर्ष अमेरिकी मानसशास्त्र संघटनेच्या गटाने 2009 मध्ये काढला. ज्या द्वेषाने माणूस आजारी पडला तोच त्याला पैसे घेऊन पुन्हा पाजणं, हे क्रौर्य आहे.

उपयोगी पडते ती खास या ताणासाठी बेतलेली वर्तनोपचार पद्धत. पॅचंकिस यांनी 2015 मध्ये 63 तरुण गे आणि बायसेक्शुअल पुरुषांवर दहा सत्रांचा असा कार्यक्रम तपासला. नैराश्याची लक्षणं आणि दारूचा वापर दोन्ही कमी झाले. अशा उपचारांतलं मुख्य काम वाटतं तितकं गूढ नसतं. प्रसंग घडला की त्याच दिवशी लिहायचं: नेमकं काय घडलं, शरीरात काय जाणवलं, पहिला विचार कुठला आला, मी काय केलं. मग त्या विचारामागचा नियम शोधायचा आणि तो पहिल्यांदा कुठे ऐकला ते आठवायचं. निखिलचा नियम असा निघेल: ‘मला जवळून पाहिलं की माणसं मागे हटतात.’ यानंतर भाकीत कागदावर उतरवायचं, उदाहरणार्थ ‘ताई दहा मिनिटांत विषय टाळायला लागेल’, जायचं, आणि परत आल्यावर भाकीत व घडलेलं शेजारी शेजारी ठेवायचं. प्रयोग सुरक्षित माणसापासून सुरू करावा. खरोखर धोका असलेल्या घरात तो करू नये.

बिघडतं ते बहुधा दोन ठिकाणी. भाकीत आधी लिहिलेलं नसेल, तर चांगला अनुभवही ‘ती फक्त सभ्यपणे वागली’ म्हणून खोडला जातो, आणि पुरवणी पुन्हा जिंकते. दुसरं म्हणजे माणूस खात्री मागत सुटतो. ‘तू माझ्यावर नाराज आहेस का?’ हे एकदा विचारणं म्हणजे माहिती घेणं. तेच रोज रात्री विचारलं, की उत्तराचा असर तासाभरात ओसरतो आणि समोरचा थकतो. तेव्हा जोडप्याने आधीच ठरवून घ्यावं: प्रश्न एकदा विचारायचा, उत्तर एकदा द्यायचं, आणि पुन्हा शंका आली तर ती वहीत लिहायची. वहीतल्या अशा नोंदी वाढत चालल्या, झोप किंवा भूक गेली, किंवा जगणं नकोसं वाटायला लागलं, तर तो भार जोडीदारावर न टाकता समलैंगिकतेला आजार न मानणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. पहिल्याच भेटीत त्यांना थेट विचारावं, की गे रुग्णांसोबत त्यांनी काम केलंय का, आणि आकर्षण बदलण्याबद्दल त्यांचं मत काय आहे. ‘प्रयत्न करून पाहू’ असं उत्तर आलं, तर दुसरा डॉक्टर शोधावा.