न बोललेलं ऐकू कसं येतं?

मुलीचे वडील स्थळाच्या चौकशीला आले आहेत. मुलाच्या शेजारच्या काकांना विचारतात, “मुलगा कसा आहे हो?” काका क्षणभर थांबतात आणि म्हणतात, “घर चांगलं आहे. आई-वडील तर देवमाणसं.” वडील चहा संपवतात, दुसरं स्थळ बघायला लागतात. मुलाबद्दल वाईट शब्द कुणीच काढलेला नाही.

हे कसं घडतं, याचा हिशेब ब्रिटिश तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी 1967 साली हार्वर्डमधल्या व्याख्यानांत मांडला. बोलणारी माणसं एकमेकांना सहकार्य करताहेत असं आपण गृहीत धरतो, हा त्याचा पाया. सहकार्य म्हणजे हवी तेवढी माहिती देणं, खरं बोलणं, विषयाला धरून बोलणं आणि सरळ, नेटकं बोलणं. ग्राइस यांचं स्वतःचं उदाहरण शिफारसपत्राचं होतं: तत्त्वज्ञानाच्या नोकरीसाठी लिहिलेल्या पत्रात विद्यार्थ्याचं इंग्रजी उत्तम आणि हजेरी नियमित, एवढंच.

आता काकांकडे वळू. प्रश्न मुलाचा, उत्तर घराचं, म्हणजे संबंध तुटला. मुलाविषयीची माहिती शून्य, म्हणजे मात्राही कमी पडली. पण काका वीस वर्षं शेजारी राहतात, त्यांना माहीत नसेल असं नाही. ते गप्पही बसले नाहीत, म्हणजे मदत करायची आहे. मग जे सांगायचंय ते तोंडाने सांगण्यासारखं नसणार. वडिलांनी हे सगळं निमिषात जुळवलं. यातली एक कडी काढून बघा: काका गेल्याच महिन्यात राहायला आले असते, तर त्याच वाक्यातून फक्त “मला फारसं ठाऊक नाही” एवढंच निघालं असतं.

बोलण्याच्या रीतीचंही तसंच. “यांनी आज खिचडी केली” याऐवजी बायको म्हणाली, “यांनी आज डाळ, तांदूळ आणि पाणी कुकरमध्ये घालून गॅसवर ठेवलं,” तर ताटात काय पडलं असेल ते कळतंच. सोपा शब्द हाताशी असताना तो मुद्दाम टाळला, यातच सगळं आलं.

सूचित अर्थ ओळखायची एक कसोटी आहे: तो मागे घेता येतो. काका पुढे म्हणाले असते, “आणि मुलगाही तसाच गुणी,” तर विसंगती नाही, फक्त इशारा विरला. “मुलगा अविवाहित आहे आणि त्याचं लग्न झालंय” हे मात्र चालत नाही, कारण तिथे अर्थ शब्दातच आहे. उद्या मुलाच्या आईने जाब विचारला तर “मी कुठे काय म्हणालो?” हे काकांचं उत्तर अक्षरशः खरं असतं. (खरं, पण प्रामाणिक? मला शंका आहे.)

हा हिशेब सगळीकडे सारखा लागत नाही. भाषा-मानवशास्त्रज्ञ एलिनॉर ओक्स कीनन यांनी 1976 साली मादागास्करमधल्या एका समाजाबद्दल लिहिलं. तिथे “आई कुठे आहे?” याला “घरी असेल नाहीतर बाजारात” असं उत्तर मिळतं, आणि त्यावरून बोलणाऱ्याला नक्की ठाऊक नाही असं कुणी मानत नाही. ताजी माहिती तिथे सहसा हातची सोडत नाहीत, त्यामुळे त्रोटक उत्तर ही नेहमीचीच गोष्ट. अशा ठिकाणी काका नुसते कमी बोलले असते, तर मुलीच्या वडिलांना त्यात वावगं काही वाटलंच नसतं.