पुरवठा कालावधी आणि सुरक्षा साठा: वर्गमूळाचा संबंध

पुरवठादाराला ऑर्डर दिल्यापासून माल आपल्या स्टोअरमध्ये वापरायला मिळेपर्यंत जेवढे दिवस जातात, त्यांना पुरवठा कालावधी किंवा लीड टाइम म्हणतात. या दिवसांत खप नेहमीपेक्षा वाढला तरी माल संपू नये, म्हणून सरासरी गरजेच्या वर जो माल राखून ठेवतात तो सुरक्षा साठा, म्हणजेच सेफ्टी स्टॉक. लीड टाइम कमी झाला की सेफ्टी स्टॉकही कमी लागतो, मात्र त्याच प्रमाणात नाही. तो लीड टाइमच्या वर्गमूळाप्रमाणे उतरतो. लीड टाइम चौथ्या हिश्शावर आला तर साठा निम्मा होतो. लीड टाइम निम्मा केला तर साठा जेमतेम २९ टक्क्यांनी घटतो.

वर्गमूळ कुठून येते

एका दिवसाचा खप सरासरीपेक्षा वीस नगांनी जास्त निघाला, तर पुढचे सोळाही दिवस तसेच जातील असे नसते. एखादा दिवस वर जातो, एखादा खाली, आणि एकूण हिशेबात त्यांतले बरेचसे चढउतार एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून सोळा दिवसांची अनिश्चितता एका दिवसाच्या सोळापट होत नाही. दिवसांचे खप एकमेकांवर अवलंबून नसतील, तर बेरीज होते ती व्हेरियन्सची, म्हणजे प्रमाण विचलनाच्या वर्गाची. रोजचा खप सरासरीपासून साधारण किती दूर जातो, त्याचे माप म्हणजे प्रमाण विचलन. वर्गांची बेरीज करून शेवटी वर्गमूळ काढावे लागते, आणि सूत्रातले चिन्ह तिथूनच येते:

```
SS = z × σ × √L
```

यात σ म्हणजे एका दिवसाच्या खपाचे प्रमाण विचलन आणि L म्हणजे दिवसांत मोजलेला लीड टाइम. z हा आकडा माल न संपण्याची किती खात्री हवी यावर ठरतो. दर शंभर ऑर्डर-फेऱ्यांपैकी पंचाण्णव फेऱ्यांत माल पुरावा असे वाटत असेल, तर z सुमारे १.६५ धरतात.

एक उदाहरण

चाकणच्या एका कारखान्याला ब्रॅकेटचे कास्टिंग कोल्हापूरच्या फाउंड्रीकडून येते असे धरू. आकडे हिशेब सोपा व्हावा असे निवडले आहेत. रोजचा सरासरी खप १०० नग, त्याचे प्रमाण विचलन २० नग, आणि लीड टाइम कामाचे १६ दिवस.

एका दिवसाचा व्हेरियन्स २० चा वर्ग, म्हणजे ४००. सोळा दिवसांचा ६,४००, आणि त्याचे वर्गमूळ ८०. त्याला १.६५ ने गुणले की सेफ्टी स्टॉक १३२ नग येतो. आता लीड टाइम ४ दिवसांवर आणला तर व्हेरियन्स १,६००, वर्गमूळ ४० आणि सेफ्टी स्टॉक ६६ नग. दिवस पाऊणपट गेले, साठा अर्धा गेला.

अनेकांना वाटते त्याच्या उलट एक गोष्ट इथे दिसते. लीड टाइम १६ वरून १५ दिवसांवर आणला तर फक्त चारेक नग वाचतात. ४ वरून ३ वर आणला तर नऊ. आणि २ वरून १ वर आणला तर जवळजवळ चौदा. म्हणजे सुरुवातीचे दिवस कापताना साठ्यात फारसा फरक दिसत नाही, आणि नेमके याच टप्प्यावर बरेच लोक प्रयत्न सोडून देतात. वर्गमूळाचा आलेख शून्याजवळ तीव्र आणि पुढे सपाट असतो, त्याचा हा परिणाम.

मात्र ऑर्डर दिलेला पण अजून हाती न आलेला माल सरळ प्रमाणातच घटतो. सोळा दिवसांसाठी १,६०० नग वाटेवर किंवा पुरवठादाराच्या रांगेत असतात, चार दिवसांसाठी ४००. त्यामुळे पुनर्मागणीची पातळी, म्हणजे हाती असलेला आणि मागवलेला माल मिळून किती उरला की पुढची ऑर्डर द्यायची तो आकडा, १,७३२ वरून ४६६ वर येतो. या १,६०० नगांपैकी बहुतेक आपल्या हिशेबवहीत नसतात, म्हणून अडकलेला पैसा मोजताना त्यांना सेफ्टी स्टॉकमध्ये मिसळू नये. फायदा दुसरा असतो: डिझाइन बदलले किंवा मॉडेल बंद पडले, तर १,६०० ऐवजी ४०० नगांचीच निस्तरानिस्तर करावी लागते.

सोळा दिवस कुठे जातात

लीड टाइम कापायला निघालेला माणूस आधी फाउंड्रीतल्या ओतकामाकडे पाहतो. तिथे फारसे काही मिळत नाही. वरच्या उदाहरणात दिवसांची वाटणी अशी असू शकते: खरेदी विभागातल्या सह्यांना ३ दिवस, फाउंड्रीच्या रांगेत ६, प्रत्यक्ष ओतणे आणि कास्टिंगवरचा जादा धातू काढण्याचे फेटलिंग २, गाडी भरेपर्यंत २, प्रवास १, आणि आल्यावर तपासणीला २. काम होते ते तीनच दिवस, बाकीचे तेरा दिवस माल किंवा कागद थांबलेला असतो.

सह्यांचे तीन दिवस वर्षभराची खुली ऑर्डर करून, फक्त आठवड्याचे वेळापत्रक पाठवले की जातात. रांगेतले पाच दिवस फाउंड्रीने आपल्यासाठी ठरावीक मोल्डिंग क्षमता राखली तर वाचतात. त्यासाठी खपाचा अंदाज तिला आधी द्यावा लागतो आणि तो आपल्यालाही पाळावा लागतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या दोन-तीन पुरवठादारांचा माल एकाच गाडीत फिरून गोळा केला, म्हणजे मिल्क रन लावला, की गाडी भरण्याची वाट पाहावी लागत नाही. तपासणी पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर सोडायची असेल, तर आधीच्या खेपांत रिजेक्शन खरोखर थांबलेले हवे. नाहीतर स्टोअरमध्ये वाचवलेले दोन दिवस मशीन शॉपमध्ये परत द्यावे लागतात.

एक पळवाट मात्र ओळखून ठेवावी. फाउंड्रीने तयार माल स्वतःच्या शेडमध्ये रचून ठेवला की आपला लीड टाइम कागदावर एका दिवसाचा होतो. साठा कुठेच घटलेला नसतो, फक्त जागा बदललेली असते, आणि त्याचे व्याज पुढच्या दरवाढीत आपल्याकडेच येते.

लीड टाइम स्वतःच हलत असेल तर

आतापर्यंतच्या हिशेबात माल नेमका सोळाव्या दिवशी येतो असे धरले. प्रत्यक्षात तो कधी तेराव्या दिवशी येतो, कधी विसाव्या. मग सूत्रात दुसरी संज्ञा येते:

```
SS = z × √(L × σ² + d² × σL²)
```

d म्हणजे रोजचा सरासरी खप आणि σL म्हणजे लीड टाइमचे प्रमाण विचलन. ते ३ दिवस आहे असे धरा. सोळा दिवसांच्या लीड टाइमला कंसात ६,४०० अधिक ९०,००० येतात आणि सेफ्टी स्टॉक १३२ ऐवजी सुमारे ५१२ होतो. आता लीड टाइम चार दिवसांवर आणला, पण पुढेमागे होणे तेवढेच राहिले, तर साठा सुमारे ४९९. बारा दिवस कापून तेरा नग वाचले! उलट लीड टाइम सोळाच ठेवला आणि विचलन ३ वरून १ दिवसावर आणले, तर साठा २११ वर येतो.

लीड टाइम घटवूनही साठा उतरत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा इथेच येऊन थांबते. सरासरी सुधारली, बेभरवसा तसाच राहिला. सुदैवाने दोन्ही गोष्टी बहुधा एकत्र सुधारतात, कारण दिवस पुढेमागे होतात ते रांगेत आणि गाडीच्या वाट पाहण्यात, ओतकामात नव्हे. रांग काढली की सरासरीही जाते आणि हेलकावेही. पुरवठादाराच्या मागे लागून नुसती मधली तारीख अलीकडे आणली, तर फक्त सरासरी जाते. लीड टाइम चार दिवस आणि विचलन अर्धा दिवस झाले, तर सेफ्टी स्टॉक १०६ नग लागतो. ५१२ च्या तुलनेत खरी घट ती.

हिशेबात चुकते ते

सर्वांत नेहमीची चूक एककाची. खपाचे प्रमाण विचलन महिन्यावरून काढलेले असते आणि लीड टाइम दिवसांत. महिन्याचे विचलन १०० नग आणि कामाचे दिवस २५ असतील, तर दिवसाचे विचलन काढायला २५ ने नव्हे, २५ च्या वर्गमूळाने, म्हणजे ५ ने भागायचे. उत्तर २० येते. थेट २५ ने भागले तर ४ येते, आणि साठा हवा त्याच्या पाचव्या हिश्शाइतकाच ठेवला जातो.

दुसरी अडचण वर्गमूळ ज्या गृहीतकावर उभे आहे त्याचीच. दिवस एकमेकांपासून स्वतंत्र नसतील, दसरा-दिवाळीच्या आधी वाहनांची मागणी वाढते तसा सलग कित्येक दिवस खप वरच राहत असेल, तर चढउतार एकमेकांना खात नाहीत. सगळे दिवस पूर्णपणे एकाच दिशेने हलले तर संबंध सरळ प्रमाणाचा होतो: सोळा दिवसांना ५२८ नग, चार दिवसांना १३२. हे तपासायला सोपा मार्ग आहे. स्टोअरच्या रोजच्या इश्यूच्या नोंदी चार-चार दिवसांच्या गटांत बेरजा करून त्या बेरजांचे प्रमाण विचलन काढावे. ते ४० च्या आसपास आले तर वर्गमूळ लागू आहे. ६० आले तर दिवस एकत्र हलत आहेत आणि सूत्र लागणारा साठा कमी दाखवते आहे. मग त्या गटाचे मोजलेले विचलनच वापरावे.

ऑर्डर रोज न देता आठवड्यातून एकदाच देत असाल, तर L च्या जागी लीड टाइम अधिक आढाव्याचा काळ धरावा लागतो. कामाचा आठवडा सहा दिवसांचा असेल तर १६ चे २२ आणि ४ चे १० होतात. साठा सुमारे १५५ वरून १०४ वर येतो, म्हणजे निम्म्याऐवजी एक-तृतीयांशच घटतो. अशा वेळी फाउंड्रीशी आणखी घासाघीस करण्याआधी आपणच आठवड्यातून दोनदा ऑर्डर द्यावी, ते स्वस्त पडते.

बदल अमलात आणताना

पुरवठादाराने चार दिवसांचा शब्द दिला म्हणून त्याच दिवशी साठा कापू नये. पंधरा-वीस खेपांच्या ऑर्डर आणि माल स्वीकारल्याच्या तारखा घेऊन सरासरी आणि विचलन दोन्ही काढावेत, आणि मगच संगणकातले आकडे बदलावेत. एसएपीमध्ये `Planned Deliv. Time` बदलले तरी हाताने भरलेला `Safety Stock` आपोआप बदलत नाही. दोन्ही ठिकाणी हात घालावा लागतो.

पुनर्मागणीची पातळी १,७३२ वरून थेट ४६६ केली तर आणखी एक गंमत होते. आधी मागवलेला माल मोजणीत धरलेला असल्याने, १,२६६ नग खपेपर्यंत, म्हणजे जवळजवळ तेरा दिवस, प्रणाली एकही नवी ऑर्डर काढत नाही. फाउंड्रीला वाटते काम दुसरीकडे गेले, आणि आपल्यासाठी राखलेली मोल्डिंग लाइन ती दुसऱ्या ग्राहकाला देते. म्हणून आधी १६ वरून १२, मग ८, मग ४ असे टप्पे घ्यावेत. पहिल्या टप्प्यात पातळी सुमारे १,३१४ होते आणि खंड चार दिवसांचाच पडतो. तो कधी पडणार हे फाउंड्रीला वेळापत्रकासोबत आधीच कळवून ठेवता येते.