दरपत्रकांची तुलना आणि खरेदी आदेश (ईआरपी)

एकाच मालासाठी अनेक पुरवठादारांकडून आलेली दरपत्रके, म्हणजे कोटेशने, ईआरपी प्रणालीत शेजारी-शेजारी ठेवून एक निवडणे आणि त्याच नोंदीतून खरेदी आदेश, म्हणजे पीओ, तयार करणे अशी ही प्रक्रिया आहे. येथील वर्णन ईआरपीनेक्स्ट या मुक्तस्रोत प्रणालीनुसार केले आहे. ती मुंबईच्या फ्रापे या कंपनीने विकसित केली असून महाराष्ट्रातील अनेक लहान-मध्यम कारखाने ती वापरतात.

साखळी मागणीपासून सुरू होते. स्टोअरची मागणी आली की खरेदी विभाग पुरवठादारांना दरपृच्छा पाठवतो. आलेले प्रत्येक कोटेशन `Supplier Quotation` या वेगळ्या नोंदीत भरले जाते आणि `Supplier Quotation Comparison` हा अहवाल त्या सर्व नोंदी एका तक्त्यात मांडतो. पूर्वी खरेदी अधिकारी हाताने कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट बनवत, त्याचीच जागा या अहवालाने घेतली आहे. त्यात प्रति एकक दर, वैधतेची तारीख आणि माल किती दिवसांत मिळेल हे दिसते.

अहवालातला सर्वांत कमी दर म्हणजे सर्वांत स्वस्त खरेदी, असे मात्र नेहमी नसते. समजा, १,००० किलो स्टेनलेस स्टील पत्रा हवा आहे. पहिल्या पुरवठादाराने किलोला २१० रुपये सांगितले, पण ६,००० रुपये वाहतूक वेगळी लावली आणि पैसे आगाऊ मागितले. दुसऱ्याने कारखान्यात पोहोच २१५ रुपये आणि ३० दिवसांची उधारी दिली. तिसरा जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतला आहे. त्याचा दर २२२ रुपये आणि वर कर नाही.

अहवालात पहिला पुढे दिसतो, कारण वाहतूक कोटेशनच्या तळाशी कर व आकारांच्या तक्त्यात असते. ती मालाच्या ओळीतल्या दरात धरली जात नाही. बिलाची एकूण रक्कम पाहिली तर चित्र उलटते. १८ टक्के जीएसटीसह पहिला २,५४,८८० रुपयांना, दुसरा २,५३,७०० रुपयांना आणि तिसरा २,२२,००० रुपयांना पडतो. पण हा फरक फसवा आहे. पहिल्या दोघांना दिलेल्या जीएसटीची वजावट (इनपुट क्रेडिट) खरेदीदाराला मिळते. कंपोझिशनवाल्याला कर आकारता येत नाही, त्यामुळे वजावटही नाही. खरा खर्च अनुक्रमे २,१६,०००, २,१५,००० आणि २,२२,००० रुपये होतो, म्हणजे दुसरा पुरवठादार स्वस्त ठरतो. बँकेचे व्याज वर्षाला १२ टक्के धरले तर त्याच्या महिनाभराच्या उधारीचे आणखी सुमारे अडीच हजार रुपये वाचतात. खरेदीदाराला वजावट मिळत नसेल, जसे रुग्णालयाच्या करमुक्त सेवांसाठीच्या खरेदीत, तर हिशेब बदलतो आणि तिसराच स्वस्त पडतो. हा प्रश्न तुलनेच्या आधीच लेखा विभागाला विचारावा.

दुसरा धोका एककाचा आहे. एकाने दर किलोवर दिला आणि दुसऱ्याने पत्र्याच्या नगावर, तर कोटेशन भरताना एका नगाचे वजन रूपांतर गुणक म्हणून द्यावे लागते. तो चुकून १ राहिला तर एक दर इतरांच्या कितीतरी पट दिसतो. असा दर दिसला की पुरवठादाराला दोष देण्याआधी ती ओळ उघडून पाहावी.

निवड झाली की सादर केलेल्या कोटेशनमधून `Create > Purchase Order` निवडतात. माल, दर, कर आणि मूळ मागणीचा दुवा मसुद्यात उतरतो. पोहोच तारीख तपासून आदेश सादर करायचा असतो. माल दोघांत विभागायचा असेल तर दोन्ही कोटेशनांतून वेगळे आदेश काढून नको त्या ओळी वगळतात.

घाईत कोटेशन बाजूला ठेवून पीओ नव्याने टाइप करणे हा नेहमीचा घोटाळा आहे. दुवा तुटला की मूळ मागणी प्रलंबितच दिसते आणि तोच माल दुसऱ्यांदा मागवला जाऊ शकतो. दरावरची तपासणीही हुकते. खरेदीच्या सेटिंगमध्ये `Maintain Same Rate` हा पर्याय चालू असेल तर कोटेशनपेक्षा वेगळा दर असलेला पीओ प्रणाली अडवते किंवा इशारा देते, पण हाताने बनवलेल्या पीओला तुलनेसाठी कोटेशनच नसते. घासाघीस करून दर कमी झाला तर बदल पीओत करू नये. कोटेशन रद्द करून त्याची सुधारित प्रत काढावी. तिच्या क्रमांकापुढे `-1` लागते आणि जुना दर नोंदीत राहतो, म्हणून लेखापरीक्षकाला तो कुठून कुठे आला हे सांगता येते.