क्यूआर जाहिरातीपाशी मोजतो, कूपन गल्ल्यापाशी

गणेशोत्सव संपला की इंदूरच्या बाजारात एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'स्मरणिकेतल्या जाहिरातीला चारशे स्कॅन आले, म्हणजे चारशे गिऱ्हाईक आलं.' तसं होत नाही. चारशे वेळा कोणीतरी कुठेतरी फोनचा कॅमेरा त्या चौकोनावर धरला, एवढंच त्या आकड्यातून कळतं. तो माणूस राजवाड्यापर्यंत आला का, दुकानाची पायरी चढला का, साडी घेतली का, यातलं काहीही त्यात नाही. तरीही दर वर्षी जाहिरातीचा पैसा याच आकड्यावर वाटला जातो आणि चांगल्या चाललेल्या जाहिराती बंद पडतात, म्हणून हे एकदा नीट लिहून काढतो आहे.

क्यूआर सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्याबद्दल थोडक्यात. गल्ल्यावरच्या पैसे घ्यायच्या क्यूआरमध्ये `upi://pay` ने सुरू होणारा मजकूर असतो, जाहिरातीतल्या क्यूआरमध्ये एखाद्या पानाचा पत्ता. काही गिऱ्हाईकं सवयीने पैशाचं अ‍ॅप उघडून जाहिरातीचा क्यूआर स्कॅन करतात आणि बऱ्याचदा तिथेच अडकतात. म्हणून चौकोनाखाली 'फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा' असं छापावं. प्रत्येक जाहिरातीचा पत्ता वेगळा हवा, म्हणजे स्कॅन कुठून आला ते कळतं. उदाहरणार्थ :

```
https://example.com/saree?utm_source=smaranika&utm_medium=print
```

पॅम्फ्लेटसाठी `smaranika` च्या जागी `pamphlet`. बस, एवढंच.

प्रत्येक जाहिरातीला वेगळा फोन नंबर देण्याची पद्धतही सोपी आहे. नंबर भाड्याने मिळतात, त्यांवर आलेला फोन दुकानाच्या नेहमीच्या नंबरावर वळतो आणि वेळ, कालावधी, करणाऱ्याचा नंबर यांची नोंद राहते. दागिने, फर्निचर किंवा क्लासेस असे आधी फोन करून यायचे धंदे असतील तर हा मार्ग मला सर्वांत आवडतो, कारण फोन करणाऱ्याचा नंबर बिलावरच्या मोबाइल नंबराशी जुळवता येतो. पण तो नंबर लोक सेव्ह करून ठेवतात आणि सहा महिन्यांनी ब्लाउज शिवून झाला का हे विचारायलाही त्यावरच फोन करतात. तो फोन जुन्या जाहिरातीच्या खात्यात धरायचा नाही.

आता खरा घोळ. क्यूआर आणि कूपन कोड ही एकाच कामाची दोन साधनं आहेत, एक नव्या चालीचं आणि एक जुन्या, असं धरून चालतात आणि दोघांचे आकडे एकाच तक्त्यात शेजारीशेजारी लिहितात. पण त्यांची मोजणी वेगवेगळ्या जागी होते. क्यूआरची मोजणी होते जाहिरातीपाशी : माणूस घरी सोफ्यावर असताना, मंडपात आरतीची वाट पाहत असताना. ती यंत्र करतं आणि पानाला दिलेली प्रत्येक भेट मोजतं. कूपनची मोजणी होते गल्ल्यापाशी, माल घेऊन झाल्यावर, आणि ती माणूस करतो. मधली सगळी वाट, म्हणजे आवड वाटणं, विसरणं, पार्किंग न मिळणं, दुसऱ्याच दुकानात शिरणं, या दोन जागांच्या मध्ये आहे. म्हणून क्यूआरचा आकडा जवळजवळ नेहमी फुगलेला असतो. कूपनचा आकडा फुगतोही आणि आटतोही, आणि तो कोणत्या बाजूला चुकला आहे हे बिलं उघडल्याशिवाय कळत नाही.

क्यूआर का फुगतो? एकच माणूस तेच पान तीनदा उघडतो. छापखान्यात चौकोन चालतो का ते तपासतात, दुकानातली पोरं तपासतात. कोणी ते पान आवडलं म्हणून पुण्याच्या मावशीला लिंक पाठवतं, मावशी ते उघडते आणि स्मरणिकेच्या नावावर आणखी एक भेट चढते. गावावरून गाळून घ्यावं म्हटलं तर मोबाइल इंटरनेटवरून गाव नीट ओळखता येत नाही, इंदूरचा माणूस सहज दुसऱ्या शहरात दिसतो.

कूपन फुगतं ते काउंटरवर. घासाघीस लांबली की मुलगा हळूच विचारतो, 'कूपन लगा दूँ क्या?' गिऱ्हाईक खूश, रांग पुढे सरकते, आणि ज्याने पॅम्फ्लेट पाहिलंही नाही त्याचं बिल पॅम्फ्लेटच्या खात्यात जातं. मुलाचा हेतू वाईट नसतो, पण हिशेबाचं मातेरं होतं. उलट, पॅम्फ्लेट वाचूनच आलेली बाई ते घरी विसरते, नाहीतर सवलत मागायला संकोचते, आणि तिची नोंदच होत नाही.

एक उदाहरण आकड्यांनिशी मांडतो. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा, सीतलामाता बाजारात महेश्वरी आणि चंदेरी साड्यांचं दुकान आहे. मंडळाच्या स्मरणिकेत क्यूआर असलेली ६,००० रुपयांची जाहिरात दिली. पेपरात टाकून १०,००० पॅम्फ्लेट वाटली, छपाई आणि वाटणावळ धरून १५,००० रुपये, त्यावर `SAREE10` हा कोड. महिनाअखेरीस तक्ता आला : स्मरणिका ४१२, पॅम्फ्लेट ११८. भागाकार केला तर स्मरणिकेचं गिऱ्हाईक सुमारे १५ रुपयांना पडलं आणि पॅम्फ्लेटचं १२७ रुपयांना. मालक पुढच्या वर्षी पॅम्फ्लेट बंद करणार, हे उघड आहे.

आता उकलून पाहू. स्मरणिका वाटण्याआधीच्या तारखांचे ३७ स्कॅन काढले, ते छापखान्याचे आणि दुकानाचे. उरले ३७५, पण फोन वेगवेगळे मोजले तर २४०. त्यांतल्या ९६ जणांनी पानावरचं 'कूपन घ्या' दाबलं, आणि तिथे मिळालेला नंबर काउंटरवर दाखवून माल घेतला ३१ जणांनी. म्हणजे ४१२ चे ३१.

पॅम्फ्लेटच्या ११८ बिलांची काउंटरनिहाय फोड केली. तीन काउंटर, प्रत्येकाची त्या महिन्यात ५०० बिलं. पहिल्यावर कोड लागला २१ बिलांना, तिसऱ्यावर २३, आणि दुसऱ्यावर ७४! गिऱ्हाईक काही काउंटर निवडून येत नाही. दुसऱ्या काउंटरवरही खरी २२-च्या आसपास असणार, बाकीची मुलाने आपणहून लावलेली. म्हणजे खरा आकडा ६६-च्या घरात. ही काउंटरनिहाय फोड हीच कूपन गळतंय का ते ओळखण्याची सर्वांत सोपी खूण आहे. दुसरी खूण तारखेची : पॅम्फ्लेट वाटण्याच्या आदल्या दिवशीच्या बिलात तो कोड दिसला, तर पुढे काही बघायची गरजच नाही.

आता भागाकार पुन्हा करा. स्मरणिका सुमारे १९४ रुपये, पॅम्फ्लेट सुमारे २२७ रुपये. आठपटीहून जास्त वाटलेला फरक जवळजवळ संपला, आणि माणसं तर पॅम्फ्लेटने दुप्पट आणली. जी जाहिरात बंद होणार होती ती मी चालू ठेवीन.

यावर उपाय म्हणजे दोन्ही जागांची मोजणी एका धाग्यात ओवणं. क्यूआर उघडला की पानाने प्रत्येकाला वेगळा, एकदाच चालणारा नंबर द्यावा आणि बिलिंगच्या सॉफ्टवेअरने तो वापरला की रद्द करावा. सगळ्यांना एकच `SAVE10` ही मला अजिबात न पटणारी सवय आहे. तो कोड दोन दिवसांत कुटुंबांच्या ग्रुपांवर फिरतो, मग त्यातून सवलत कळते, जाहिरात कळत नाही. नंबरात शून्य आणि `O`, एक आणि `I` टाळा, काउंटरवर गर्दीत तेच चुकतात.

कागदी पॅम्फ्लेटलाही हे जमतं. छापखान्यात बिलबुकांवर नंबर टाकतात तसाच पॅम्फ्लेटवर टाकून घ्यायचा आणि गठ्ठे एजंटांना देताना लिहून ठेवायचं : १ ते २५०० सुदामा नगर, पुढचे रामबाग, त्यापुढचे लोकमान्य नगर. गिऱ्हाईकाकडून पॅम्फ्लेट घेऊन दुकानाच्या बिलप्रतीला स्टेपल करायचं. कागद नाही तर सवलत नाही. मग मुलाला सवलत आपणहून लावता येत नाही, आणि कोणत्या वस्तीतून माणूस आला तेही नंबरावरून कळतं. थोडी छपाई वाढते, पण हा खर्च मी डोळे झाकून करीन.

आणखी एका गोष्टीवर मी अडून बसतो. स्मरणिकेत २० टक्के, पॅम्फ्लेटमध्ये १० टक्के, असं करू नका. मग जाहिरातींची तुलना होत नाही, सवलतींची होते. सवलत, मुदत आणि अटी सगळीकडे सारख्याच ठेवा. रेडिओवर क्यूआर दाखवता येत नाही, तिथे बोलायला सोपा शब्द द्यावा, 'माहेर म्हणा आणि सवलत घ्या' असा. धावत्या रस्त्यावरच्या होर्डिंगवरचा क्यूआर तर मी काढूनच टाकायला सांगतो. दुचाकी चालवताना तो कोणी स्कॅन करू नये.

एवढं करूनही एक प्रश्न उरतो, ज्याचं उत्तर ना क्यूआर देतो ना कूपन : त्या ३१ किंवा ६६ जणांपैकी किती जण जाहिरात नसती तरी आलेच असते? दुकानाची जुनी गिऱ्हाईकं कूपन सर्वांत आधी वापरतात, कारण ती येणारच होती. त्यांची बिलं मोबाइल नंबरावरून वेगळी काढता येतात. नव्यांसाठी एक वर्ष पॅम्फ्लेट सुदामा नगरला वाटायचं, रामबागेत नाही, आणि दोन्हीकडच्या गिऱ्हाइकांची बिलं, कोड असलेली-नसलेली सगळी, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहायची. त्यासाठी बिलावर गिऱ्हाईकाची वस्ती लिहिली पाहिजे, आणि ती सवय पॅम्फ्लेट वाटण्याच्या निदान एक वर्ष आधी लावावी लागते.