आकडा ऐकायचा कसा: पावकी-दिडकीपासून बाजारभावाच्या व्हॉइस मेसेजपर्यंत

विदर्भात आता बाजारभाव आणि हवामानाचा अंदाज गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बोलूनही पाठवतात. सोय चांगली आहे. पण पाठवणारा बहुतेक वेळा समोरचा तक्ता जसाच्या तसा वाचतो: शेतमालाचं नाव, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. एका मालाचे चार आकडे. सोयाबीन, तूर, हरभरा, गहू आणि संत्रा असे पाच माल घेतले की वीस आकडे झाले. ऐकणाऱ्याच्या हाती त्यातला एखादा उरला तरी पुष्कळ. तक्ता डोळ्यांसाठी बनतो, कारण डोळा मागे फिरू शकतो. कानाला ती मुभा नाही. हा फरक आपल्याकडे फार आधीपासून माहीत होता, आणि त्यावरचा उपाय आपल्या भाषेत आजही आहे.

जुन्या शाळेतले पाढे कानाने शिकायचे. एक ते तीसच्या पाढ्यांनंतर अपूर्णांकांचे पाढे यायचे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी. दिडकी म्हणजे दीड, तीन, साडेचार, सहा, साडेसात, अशी चाल. दीड रुपये शेर भावाने सात शेरांचे किती, याचं उत्तर ‘साडेदहा’ असं तोंडावर यायचं, लिहून काढावं लागत नसे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच ही नावं या मोजणीची घरं आहेत. मधली कुठलीही रक्कम जवळच्या घरात बसवायची आणि पुढे चालायचं. आज ज्याला आकडा गोळाबेरीज करून सांगणं म्हणतात, ते याहून वेगळं नाही.

नाणीही या पद्धतीला साजेशी होती. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे अर्ध्याचं अर्धं चार वेळा करता येतं. आठ आण्यांची अधेली, चार आण्यांची पावली, दोन आण्यांची चवली. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि पुढच्या काही वर्षांत शेर-मण जाऊन किलो-क्विंटल आले. हिशेब लिहायला सोपा झाला यात शंका नाही. पण सदतीस पैसे, त्रेसष्ट पैसे अशा रकमा आल्या, ज्यांना बोलण्यात स्वतःचं घर नव्हतं. माझ्या मते आकडा कानाकडून कागदाकडे सरकला तो तिथे.

मापाचं एक जुनं रूप मात्र विदर्भात अजून जिवंत आहे, ते म्हणजे पिकाची आणेवारी, आताची पैसेवारी. हेक्टरी किती क्विंटल आणि मागच्या वर्षांची सरासरी किती, हे न सांगता पूर्ण पीक म्हणजे एक रुपया धरायचा आणि यंदा त्यातले किती पैसे हाती आले ते सांगायचं. तुलना मापातच बसवलेली आहे. ‘आमच्या गावची पैसेवारी बेचाळीस आली’ हे पारावर एकदा ऐकलं तरी वर्ष कसं गेलं ते कळतं. आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि शेवटी अंतिम पैसेवारी अशी ती तीनदा जाहीर होते, म्हणजे तोच आकडा सुधारत पुन्हा पुन्हा कानावर येतो.

नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झालं. तेव्हा नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती आणि ऐकणाऱ्यांत मराठी व हिंदी दोन्ही बोलणारे होते. यात एक गोष्ट सोयीची होती. सव्वा, दीड, अडीच, पावणे ही घरं हिंदीतही जवळपास त्याच चालीत आहेत, त्यामुळे ‘सव्वादोन लाख’ म्हटलेलं दोघांनाही कळतं. अडचण होती ती सुट्या आकड्यांची. मराठीत एकेरी अंक आधी येतो आणि दशक शेवटी. सत्याहत्तर, सत्त्याऐंशी, सत्त्याण्णव हे तिन्ही सारखेच सुरू होतात, आणि मोठा फरक करणारं दशक शेवटच्या अक्षरांत असतं. मीडियम वेव्हवर नेमकी तिथेच खरखर आली की दहा-वीसचा घोटाळा. हीच जोडनावं मुलांना अवघड जातात म्हणून २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘बेचाळीस’सोबत ‘चाळीस दोन’ अशी वाचनाची वाट दिली गेली, आणि राज्यभर केवढा वाद झाला! बाजू कुठलीही घेतली तरी ऐकण्याची अडचण खरी आहे.

कानाची मर्यादा किती, याचा अभ्यास परदेशात फार आधीच झाला होता. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६मध्ये दाखवलं की माणूस एका वेळी साधारण सात सुट्या गोष्टी ध्यानात धरतो, दोन कमी किंवा दोन जास्त. अॅलन बॅडली आणि सहकाऱ्यांनी १९७५मध्ये त्यात महत्त्वाची भर घातली: किती गोष्टी, यापेक्षा त्या उच्चारायला किती वेळ लागतो ते जास्त मोलाचं, आणि ही मर्यादा साधारण दोन सेकंदांची असते. नागपूर शहराची २०११च्या जनगणनेतली लोकसंख्या २४,०५,६६५. ‘चोवीस लाख पाच हजार सहाशे पासष्ट’ म्हणून बघा, दोन सेकंद तिथेच संपतात. पाठोपाठ २००१चा आकडा, ‘वीस लाख बावन्न हजार सहासष्ट’, आला की पहिला पुसला जातो. आणि दोन आकडे सोबत धरता आले नाहीत तर शहर किती वाढलं ते ऐकणाऱ्याला कळणार नाही, मग दोन्ही अचूक सांगून काय उपयोग?

इथे वजाबाकी बोलणाऱ्याने करायची. फरक ३,५३,५९९, म्हणजे साडेतीन लाख. मग वाक्य असं होतं: ‘दहा वर्षांत नागपुरात साडेतीन लाख माणसं वाढली. साडेवीस लाखांचं शहर चोवीस लाखांचं झालं.’ जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा साडेशेहेचाळीस लाखांच्या आसपास होती, तेव्हा पुढे जोडता येतं: ‘जिल्ह्यातली निम्म्याहून थोडी जास्त माणसं या एका शहरात राहतात.’

वजाबाकी आधी की गोळाबेरीज आधी, हा क्रम मात्र चुकवता येत नाही. हवामान खात्याच्या नियमानुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असेल आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी किंवा त्याहून जास्त असेल, तर उष्णतेची लाट मानतात. समजा एप्रिलातल्या एका दिवशी नागपुरात ४४.४ अंश आहे आणि त्या दिवसाची सरासरी ३९.८. खरा फरक ४.६, म्हणजे लाट आहे. पण दोन्ही आकडे आधी पूर्ण केले तर ४४ आणि ४०, फरक चार, आणि लाट गायब! फरक नेहमी मूळ आकड्यांवरून काढायचा आणि तो सांगताना सोपा करायचा: ‘आज चव्वेचाळीसच्या वर, सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त, उष्णतेची लाट आहे.’

आता बाजारभाव. समजा तक्त्यात सोयाबीनच्या ओळीत किमान ४१००, कमाल ४६५५ आणि सर्वसाधारण ४५१६ रुपये क्विंटल आहे, आणि कालचा सर्वसाधारण दर ४४६५ होता. ऐकणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न एकच असतो: उद्या माल नागपूरच्या कळमना बाजारात न्यावा की थांबावं? त्याला सर्वसाधारण दर हवा, तो चढता की उतरता ते हवं, आणि हमीभावापासून किती दूर ते हवं. २०२४-२५च्या हंगामाचा हमीभाव ४८९२ रुपये होता. ४८९२मधून ४५१६ गेले, उरले ३७६. म्हणून बोलताना: ‘सोयाबीन. भाव चढला. आज साडेचार हजार, कालपेक्षा पन्नास रुपयांनी जास्त. हमीभावापेक्षा अजून पावणेचारशे रुपयांनी कमी. चांगल्या मालाला साडेसेहेचाळीसशेपर्यंत मिळाले.’ मालाचं नाव आधी, दिशा त्याच्यामागे, आकडा शेवटी. नाव ऐकलं की ज्याचं सोयाबीन आहे तो कान टवकारतो, चढ की उतार ते कळलं की आकडा कुठे ठेवायचा ते त्याला समजतं. किमान दर मी मुद्दाम गाळला आहे. भिजलेल्या किंवा काडीकचऱ्याच्या मालाचा तो दर बहुतेकांना लागू नसतो. पाऊस होऊन माल ओला आला असेल त्या दिवशी मात्र तोच आधी सांगायला हवा.

मग पुनरावृत्ती. लगेच दोनदा म्हटलेला आकडा घाईचा वाटतो. सगळे माल सांगून झाल्यावर शेवटी मुख्य दोन दर पुन्हा सांगितले की जे उशिरा ऐकायला लागले त्यांनाही मिळतात. अट एकच, रूप बदलायचं नाही. आधी ‘पावणेपाच हजार’ आणि शेवटी ‘चार हजार सातशे साठ’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला ते दोन वेगळे दर वाटतात. कालचा आणि आजचा, असंही कुणी धरेल.

यात एक नवी अडचण आहे. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पोरांना ‘पावणेदोन’ ऐकून दोनच्या पुढचं काहीतरी वाटतं. औटकी तर त्यांच्या आजोबांच्या पिढीतच मागे पडली. म्हणून पहिल्यांदा ‘पावणेदोन लाख, म्हणजे एक लाख पंचाहत्तर हजार’ असं उलगडून सांगावं आणि पुढे ‘पावणेदोन’वरच टिकावं. एक वाक्य वाढतं, पण आजोबा आणि नातू दोघंही सोबत राहतात.

आणि जिथे रेषा आखलेली असते तिथे गोळाबेरीज करायचीच नाही. पैसेवारी अठ्ठेचाळीस असो की बावन्न, ‘निम्म्याच्या आसपास’ दोन्हींना म्हणता येईल. पण पन्नास पैशांखाली गाव आलं तर टंचाईच्या सवलतींत येऊ शकतं, शेतसाऱ्यापासून मुलांच्या परीक्षा शुल्कापर्यंत. तिथे आधी रेषा सांगायची, मग गाव कुठल्या बाजूला आहे ते, आणि मग पूर्ण आकडा: ‘रेषा पन्नासची. आपलं गाव तिच्या खाली. पैसेवारी अठ्ठेचाळीस.’ काट्यावर माल चढल्यावरही तसंच. साडेचार हजार हे घरून निघताना पुरेसं. वीस क्विंटलांवर वरचे सोळा रुपये म्हणजे तीनशे वीस, आणि ते पावतीवर आकड्यांतच पाहून घ्यायचे.