99 चा जुना प्रयोग आणि छोट्या ऑनलाइन दुकानाचा हिशोब

299 रुपयांची पाटी कुणी शोधून काढली, याची एक लोकप्रिय कथा आहे. म्हणे मालकाला गल्ल्यावरच्या नोकराचा भरवसा नव्हता. किंमत पूर्ण रकमेत ठेवली तर तो नोट सरळ खिशात घालेल. सुटे परत द्यावे लागले की गल्ला उघडावा लागतो आणि विक्रीची नोंद होते. कथा झकास आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही. आपल्याकडे ही पद्धत बहुतेकांच्या डोक्यात ‘बाटाची किंमत’ म्हणून बसली आहे, आणि ते काही फक्त आपलंच नाही. बाटा ज्या देशातून आली त्या चेक लोकांतही नऊवर संपणाऱ्या किमतीला बाटाचंच नाव आहे.

ही युक्ती खरंच चालते का, हे तपासण्याची सोय आधी मिळाली ती पोस्टाने माल विकणाऱ्या अमेरिकन कंपन्यांना. त्यांचा छापील कॅटलॉग घरोघरी जायचा. एकाच कॅटलॉगच्या दोन आवृत्त्या काढायच्या, माल तोच ठेवायचा आणि किमती तेवढ्या बदलायच्या. आज वेबसाइटवर ज्याला ए-बी टेस्ट म्हणतात, ती मुळात हीच.

एली गिंझबर्ग या अर्थतज्ज्ञाने 1936 मध्ये अशा एका प्रयोगावर छोटंसं टिपण लिहिलं. एका मोठ्या कंपनीने काही कॅटलॉगांत 49 सेंट, 79 सेंट, 1.98 डॉलर अशा रुळलेल्या किमतींच्या जागी 50 सेंट, 80 सेंट आणि 2 डॉलर छापले होते. निकाल गोंधळात टाकणारा होता. काही वस्तूंची विक्री बरीच हलली, काहींची जागची हलली नाही, आणि फायदा-तोटा एकमेकांत जिरून गेल्यासारखा वाटला. कंपनीने प्रयोग पुढे नेला नाही. माझ्या मते या विषयातला सगळ्यात प्रामाणिक निकाल हाच, कारण एकेका वस्तूकडे बघितलं की आजही असंच दिसतं.

स्पष्ट आकडा यायला 1996 उजाडलं. शिंडलर आणि किबेरियन यांनी बायकांच्या कपड्यांच्या कॅटलॉगच्या तीन आवृत्त्या पाठवल्या. एकीत किमती 00 वर संपत होत्या, दुसरीत 88 वर, तिसरीत 99 वर. 99 च्या आवृत्तीने 00 पेक्षा सुमारे 8 टक्के जास्त विक्री दिली. 88 ने मात्र 00 पेक्षा काही वेगळं केलं नाही, किंमत आणखी कमी असूनही. 2003 मध्ये अँडरसन आणि सिमेस्टर यांनी त्याहून गमतीची गोष्ट दाखवली. त्यांच्या एका प्रयोगात 39 डॉलरचे 21 ड्रेस विकले गेले. तेच ड्रेस 34 डॉलरला ठेवले तेव्हा 16 गेले आणि 44 ला 17. म्हणजे किंमत वाढवून विक्री वाढली. हा परिणाम नव्या मालावर जास्त दिसला, आणि शेजारी ‘सेल’ची पाटी असली की कमी झाला. गिऱ्हाइकाला भाव माहीत नसतो तेव्हा तो 9 कडे ‘बरा सौदा’ अशी खूण म्हणून बघतो, असा त्याचा एक अर्थ लागतो. दुसरा अर्थ डाव्या आकड्याचा. आपण डावीकडून वाचतो, त्यामुळे 299 डोक्यात ‘दोनशे’च्या घरात बसतं.

आता हे छोट्या दुकानात तपासायचं म्हटलं तर गाडी कुठे अडते ते बघू. समजा घरगुती मसाल्यांचं ऑनलाइन दुकान आहे. महिन्याला 3,000 लोक येतात, 60 ऑर्डर पडतात. आठ उत्पादनांची दोन गटांत वाटणी करा, प्रत्येकी चार. पहिल्या आठवड्यात एका गटाच्या किमती 300 सारख्या पूर्ण, दुसऱ्याच्या 299 सारख्या, आणि पुढच्या आठवड्यात अदलाबदल. एकाच वेळी दोन गिऱ्हाइकांना एकाच पाकिटाचे दोन भाव दाखवू नका. स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर फिरायला वेळ लागत नाही. आठवडे अदलून-बदलून घेतले की पगाराचा आठवडा एकाच किमतीच्या वाट्याला येत नाही. दिवाळीच्या आसपास मात्र प्रयोग करूच नये.

दोन महिन्यांत 120 ऑर्डर होतील. किमतीने काहीच फरक पडत नसला तरी त्या बरोब्बर 60-60 पडणार नाहीत. ढोबळ नियम असा: एकूण ऑर्डरींचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. फरक त्याहून कमी असेल तर तो योगायोग समजा. 120 चं वर्गमूळ 11, दुप्पट 22. म्हणजे 71 विरुद्ध 49 आले तरच काही बोलता येईल. कॅटलॉगमधला 8 टक्के फरक इथे 62 विरुद्ध 58 असा दिसेल, म्हणजे दिसणारच नाही. तो या नियमात बसायला किमान 2,700 ऑर्डर लागतील. महिन्याला 60 धरल्या तर पावणेचार वर्षं. पंधरा दिवसांत ‘99 ने विक्री वाढली’ असं कुणी सांगितलं, तर त्याला आधी ऑर्डरींची संख्या विचारावी.

म्हणून छोट्याने 300 विरुद्ध 299 च्या नादी लागू नये. ज्या मालावर नफा बरा आहे त्यात जाणाऱ्या एका रुपयाने फारसं बिघडत नाही, सरळ 299 लावून मोकळं व्हावं. तपासायचंच तर वर चढणारं पाऊल तपासावं, 39 डॉलरच्या ड्रेससारखं. गोडा मसाल्याचं पाकीट 280 ला जातं, सगळा खर्च धरून 210 ला पडतं, तर नफा 70. तेच 299 ला विकलं तर 89. महिन्याला 60 पाकिटांवर 4,200 रुपये सुटत असतील, तर 299 ला 48 पाकिटं गेली तरी 4,272 सुटतात. ‘जास्त कधी विकलं गेलं’ हा प्रश्नच सोडून द्या, ‘पाचवा भाग गिऱ्हाईक गळालं का’ एवढंच बघा. पाकिटावर छापील एमआरपी 280 असेल तर 299 ला विकता येत नाही, तेव्हा आधी छपाई बदलावी लागेल. आणि हिशोब पोचलेल्या ऑर्डरींचा धरा. कॅश ऑन डिलिव्हरीतली परत आलेली पार्सलं मोजली तर 89 चा नफा कागदावरच राहतो.

आमिषाच्या पर्यायाची, म्हणजे कुणी घ्यावा म्हणून नव्हे तर शेजारचा उठून दिसावा म्हणून ठेवलेल्या पर्यायाची, गोष्ट वेगळी. ह्यूबर, पेन आणि पुटो यांनी 1982 मध्ये दाखवलं की दोन पर्यायांच्या शेजारी तिसरा असा ठेवला, जो त्यातल्या एकापेक्षा उघड वाईट आहे, तर लोक त्या एकाकडे झुकतात. डॅन अरिएली यांनी नंतर एका साप्ताहिकाच्या वर्गणीचं उदाहरण गाजवलं. फक्त वेब 59 डॉलर, फक्त छापील 125, दोन्ही मिळून 125. शंभर विद्यार्थ्यांपैकी 84 जणांनी ‘दोन्ही’ निवडलं, ‘फक्त छापील’ कुणीच नाही. तो निरुपयोगी पर्याय काढल्यावर ‘दोन्ही’ 32 वर आलं. उदाहरण सगळीकडे सांगितलं जातं. पण त्या विद्यार्थ्यांनी खिशातून पैसे काढले नव्हते, हे सांगायचं राहून जातं.

2014 मध्ये फ्रेडरिक, ली आणि बास्किन यांनी, आणि वेगळ्याने यांग व लिन यांनी, हा परिणाम पुन्हा तपासला. पर्याय नुसत्या आकड्यांत मांडले की तो दिसायचा. चित्र किंवा प्रत्यक्ष अनुभव आला की बहुतेकदा गायब व्हायचा. मूळ संशोधकांनी उत्तर दिलं, की आमिष उघड वाईट आहे हे गिऱ्हाइकाला पटकन कळलं तरच ते चालतं. फोटोंवर चालणाऱ्या मसाल्याच्या पानासाठी ही बातमी काही चांगली नाही. जिथे फक्त ग्रॅम आणि रुपये समोरासमोर येतात, म्हणजे पाकिटाचा आकार निवडायच्या यादीत, तिथे थोडी आशा आहे. 250 ग्रॅम 299 ला आणि 500 ग्रॅम 549 ला असेल, तर मध्ये 400 ग्रॅम 539 ला ठेवून बघता येतं. आठवडे आलटून-पालटून ते दाखवा आणि दोन गोष्टी टिपा: 500 ग्रॅमचा वाटा, आणि दर शंभर भेटींमागे सुटलेला नफा. वाटा वाढून नफा तिथेच राहिला, तर लोक फक्त एका पाकिटावरून दुसऱ्यावर सरकले. आणि ते 400 ग्रॅमचं पाकीट खरंच कुणी घेत असेल, तर ते यादीतून काढून टाका. पाकीट घरी पोचल्यावर दहा रुपयांत शंभर ग्रॅम जास्त मिळत होतं हे त्याला कळणारच आहे.